भिंतीवरची टिकली

आमची हर्षालीअक्का नळदुर्गात घरी बसून सिनेमातल्या भिंती पुसते. कोऱ्या भिंतीसमोर कॅमेरा कसा हलला हे कॉम्प्युटरला कळावं म्हणून शूटिंगला भिंतीवर लाल ठिपके चिकटवतात. त्यांचं काम झालं की अक्का कॉम्प्युटरवर प्रत्येक ठिपक्यावर त्याच भिंतीचं ठिगळ लावते, कॅमेऱ्याबरोबर सरकणारं.

परवा पुण्याहून तिच्या सरांचा फोन आला. नाकातून बोलतात ते. "हर्षाली, आरशाजवळची टिकली कुठं गेली? पुढच्या शॉटमध्ये हिरॉईन तीच काढून कपाळाला लावते. संध्याकाळपर्यंत दुरुस्त करा, नाहीतर काम दुसऱ्याला जाईल."

"ठिपका समजून मीच पुसली, सर."

"म्हणजे आता सगळं पहिल्यापासून?"

"न्हाय सर. दर ठिपक्याचं ठिगळ सुटं ठेवलंय."

तिनं तेवढं एक ठिगळ बंद केलं. टिकली जागेवर आली आणि शॉट चहाच्या आधी पुण्याला गेला.

"अक्के, चुकलीस की गं," म्या चिडवलं.

"चुकतेच की. म्हणून तर सुटं ठेवते."

सरांची नक्कल मला लगेच जमली. पण चूक कबूल करताना अक्काचा आवाज जरासुद्धा हलला नव्हता, ते काय अजून जमंना.