गुंजाची चकरी

पाटण्यातल्या मुसल्लहपूरच्या पत्र्याच्या हॉलमध्ये मी सतरा वर्षं रीजनिंग शिकवतोय. एका बाकावर सहा पोरं, समोर माईक, मागे कुरकुरणारा पंखा. बँकेच्या परीक्षेला बसणारा अर्धा पाटणा माझ्या हाताखालून गेला असेल, आणि मला त्याचा गर्व आहे. तो गर्व कुठे ठेचकाळला ते सांगतो.

गुंजा कुमारी नौबतपूरहून यायची. शेअर ऑटोने, सकाळच्या बॅचला. लग्न झालेली, नवरा लुधियानाच्या कारखान्यात, घरी सासू आणि दोन म्हशी. एकतीस वर्षांची. क्लार्कच्या परीक्षेला तिच्या राखीव प्रवर्गाची वयोमर्यादा तेवढीच, म्हणजे तिचा हा शेवटचा फॉर्म. सासूने स्वच्छ सांगितलं होतं, "यंदा झालं तर बँक, नाही तर म्हशी. मधलं काही नाही."

पोरीचं डोकं चांगलं होतं. घोडं अडायचं ते गोल टेबलापाशी. आठ माणसं गोल बसलीत, कुणी आत तोंड करून, कुणी बाहेर, आणि कोण कुणाच्या डावीकडे दुसरा, कोण उजवीकडे तिसरा, यावरून प्रत्येकाची जागा शोधायची. त्यासाठी माझं सूत्र आहे. आत पाहणाऱ्याचा डावा हात घड्याळाच्या दिशेने, बाहेर पाहणाऱ्याचा घड्याळाच्या उलट. उजव्याचं अर्थातच याच्या उलटं. पोरं सकाळी दात घासताना हे पाठ म्हणतात.

गुंजालाही पाठ होतं. पण बाहेर पाहणारा माणूस आला की ती वहीकडे पाठ करून चक्क बाकावर फिरून बसायची, डावा हात उचलायची, बोटावर मोजायची आणि परत वळायची. तेवढ्यात मागच्या पोराच्या नाकाला तिची वेणी लागायची.

"गुंजा, हे काय चाललंय?" मी माईकवरून विचारलं.

"सर, त्याच्यासारखं बसून बघते."

"कुणासारखं?"

"जो बाहेर बघतोय ना, त्याच्यासारखं. वळलं की चुकत नाही."

सगळा हॉल हसला. मी म्हटलं, "अगं, परीक्षेत आठ जण असतात. किती गिरक्या घेशील? चकरीच आहेस तू!"

झालं. त्या दिवसापासून तिचं नाव चकरी पडलं. ती आली की पोरं म्हणायची, "चकरी दीदी, जरा सरका, नाही तर आमची चटणी होईल." ती हसून न हसल्यासारखं करायची आणि खिडकीशेजारी बसायची. नाव ठेवणारा मी, म्हणून हसणाऱ्यांना मी कधी रोखलं नाही.

एकदा वर्ग सुटल्यावर ती टेबलाशी आली.

"सर, सूत्र मला येतं. पण घाईत आतल्याचं बाहेरच्याला लागतं. गेल्या दोन्ही वेळेला तिथेच पडले."

"मग शंभर वेळा लिही."

"लिहिलं सर. दोनशे वेळा."

"मग तीनशे लिही," असं म्हणून मी चहाला गेलो.

पूर्वपरीक्षा झाली त्या दिवशी ती थेट हॉलवर आली, चपला हातात, कपाळावर घाम. पुढचं सगळं तिच्या तोंडून ऐकलेलं.

रीजनिंगला वीस मिनिटं, पस्तीस प्रश्न. बाकीचं तिने झटपट उरकलं आणि सात मिनिटं राहिली असताना संगणकाच्या पडद्यावर गोल टेबल आलं. आठ माणसं, चार आत बघणारी, चार बाहेर. पाच प्रश्न एकाच कोड्यावर. कच्च्या कागदावर तिने गोल काढला आणि सवयीप्रमाणे पहिला माणूस खाली, आपल्याजवळ ठेवला. तो नेमका बाहेर बघणारा. त्याच्या डावीकडे तिसरा कोण, तिथून सगळी गाठ सुटणार होती. तिने नकळत खुर्चीत वळून डावा हात उचलला.

"ओ मॅडम!" पर्यवेक्षक धावत आले. "मागे कुणाकडे बघताय?"

"कुणाकडे नाही सर, मी फक्त..."

"पुन्हा वळलात तर बाहेर काढीन. लेखी तक्रार देऊन काढीन."

"सर, एकतीस वर्षं त्या एका खुर्चीत वाया गेली असं वाटलं," ती मला म्हणाली. "सूत्र आठवायला गेले तर दोन्ही बाजूंनी उलटं दिसायला लागलं."

घड्याळात सहा मिनिटं. वळायची सोय नाही. मग तिच्या मनात आलं, मी वळू शकत नाही, पण कागदाला कोण बाहेर काढणार आहे? तिने कागद जागच्या जागी अर्धा गोल फिरवला. खालचा माणूस वर गेला, तिच्यापासून लांब, आणि ज्या दिशेला ती बघत होती त्याच दिशेला बघायला लागला. तिचा डावा हात तोच त्याचा डावा हात. एक, दोन, तीन. जागा मिळाली. तिथे बसलेला आत बघणारा होता. त्याला तिने कागद फिरवून पोटाजवळ आणलं. आता त्याचाही उजवा तो तिचाच उजवा. बाहेर बघणारा लांब न्यायचा, आत बघणारा जवळ घ्यायचा. सूत्र नाही, पाठांतर नाही. आठही माणसं बसली, पाचही उत्तरं दिली, आणि एक मिनिट उरलं.

मी तिच्या हातातला पेन घेऊन तिथेच कागदावर गोल काढला आणि फिरवून पाहिला. बरोबर होतं. सतरा वर्षं मी पोरांना उलटसुलट पाठ करायला लावत होतो, आणि कागद फिरवायचं मला सुचलं नव्हतं.

"छान," मी म्हणालो. एवढंच.

पुढच्या सोमवारी मी नव्या बॅचला तेच शिकवलं. फळ्यावर काढून, कागद फिरवून दाखवून. पोरांचे डोळे लकाकले. कुणीतरी विचारलं, "सर, ही कुणाची पद्धत?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माझी. दिवाकर सरांची चकरी पद्धत." आधी त्या नव्या बॅचला, मग यूट्यूबवर, मग पॅम्फ्लेटवर. एकदा खोटं खपलं की त्याला पाय फुटतात. माझं तर धावायलाच लागलं.

एप्रिलमध्ये मुख्य परीक्षेचा निकाल लागला त्या दिवशी मी पुन्हा तेच शिकवत होतो. "बाहेर बघणारा लांब न्या," मी म्हणालो, "ही माझी पद्धत, हिच्यावर पाटण्यात..." आणि दारात गुंजा दिसली. नवी साडी, हातात मनेरच्या लाडवांचा डबा. डबा पाहूनच कळलं. झालं होतं तिचं.

माझा खडू थांबला. फळ्यावर मोठ्या अक्षरांत माझंच नाव होतं. तिने ते वाचलं. शेवटच्या बाकावरच्या जुन्या पोराने तिला ओळखलं आणि तो ओरडला, "चकरी दीदी! तुमचं नाव सरांच्या पद्धतीला कसं?"

एका शब्दात ती मला उघडा पाडू शकली असती, आणि ते माझ्या कर्माला शोभलं असतं.

"सरांनीच शिकवलं," ती म्हणाली. "माझ्याकडे बघून बघून सुचलं त्यांना."

मग ती पुढे आली, वाकून पाया पडली आणि डब्याचं झाकण उघडून तो माझ्यासमोर धरला. मी लाडू उचलला. तोंडात घालवेना. त्या दिवशी मी फळा पुसला, माईक हातात घेतला आणि खरं काय ते सांगितलं. तोवर ती निघून गेली होती. थांबली असती तर नौबतपूरची ऑटो चुकली असती, सासू म्हशींची धार काढायला वाट पाहत असणार.