प्रितमची चेन

भावनाला हळदीच्या मांडवाची शिसारी होती. नवरीवर तिचा राग नव्हता. राग होता तो दुसऱ्या दिवशीच्या सकाळचा. मांडवामागे मटणाच्या रश्श्यात लोळणाऱ्या प्लेटा, त्यावर घोंघावणाऱ्या माश्या, गटारात ओतलेला भात, आणि रात्रभर नोटा उधळून खाटेवर पालथा पडलेला कुणाचा तरी नवरा. अनेकदा तो नवरा तिचाच असायचा.

कल्याणजवळच्या त्या गावात तिच्या नवऱ्याच्या, प्रितमच्या बापाने, नाथाने, जमीन विकली आणि चार गाळे बांधले. गाळ्यांचं भाडं यायचं. भावना मसाले करून विकायची, तिचे पैसे कमी, पण दर महिन्याला नेमाने यायचे. भाडं आलं की प्रितमचा हात सैल सुटायचा. वाढदिवसाचे बॅनर, चांगदेवसारख्या मित्रांची पार्टी, कुणाच्याही हळदीत वाजवणाऱ्या बेंजोवाल्यांना पैशांचं पाकीट. भावना एकेक रुपया दाबून ठेवायची आणि घरात रोज तोंडातोंडी व्हायची.

शेवटी तिने बचत गटाची रीत घरात आणली. गटात बायका वर्षानुवर्षं हिशेब करतात, पण कुणी कुणाच्या झिंज्या उपटत नाही, मग आपल्याला का जमू नये? महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी बैठक. टीव्ही बंद, फोन बंद. आधी मागच्या बैठकीत काय ठरलं ते वाचायचं. घरखर्च दोघांनी आपापल्या कमाईच्या प्रमाणात द्यायचा. स्वतःच्या खर्चाला दोघांना सारखे पैसे, त्याचा जाब कुणी विचारायचा नाही. दहा हजारांवरचा खर्च दोघांच्या होकाराशिवाय नाही. एक बोलत असताना दुसऱ्याने गप्प बसायचं आणि जो आवाज चढवेल त्याने दंडाच्या डब्यात पन्नास रुपये टाकायचे. प्रितम हसला होता. पण तीन महिन्यांत त्यालाच ते आवडायला लागलं, कारण स्वतःच्या पैशांतल्या दारूबद्दल आता बायको चकार शब्द काढत नव्हती.

एका रविवारच्या बैठकीत भावनाने मागचं वाचलं, "दिशाच्या फीला बाजूला ठेवलेल्या पैशाला हात लावायचा नाय." मुलगी दिशा फिजिओथेरपीच्या कॉलेजात होती आणि पुढची फी पंधरा दिवसांवर आली होती.

प्रितम खाली बघत म्हणाला, "त्यातले पासष्ट हजार चांगदेवला दिले. पुढच्या शनिवारी त्याच्या पोराची हळद हाय. बेंजोचा खर्च मी देतो बोललेलो."

"मना न विचारता? पोरीच्या फीचे पैसे?" भावना किंचाळलीच. "लाज कशी वाटत नाय रे? किळस येते मना तुझी!"

प्रितमने निमूटपणे डबा तिच्याकडे सरकवला. तिला डबा त्याच्या डोक्यात घालावासा वाटला. पण नियम तिचाच होता. तिने पर्समधून पन्नास काढले, डब्यात टाकले आणि गप्प बसली, कारण बोलायची पाळी त्याची होती.

"चारचौघांत नाय म्हणता येत नाय मना," तो म्हणाला. "आपल्याकडं मोठं मन दाखवलं नाय तर लोक हसतात. चुकलं. पण शब्द गेला, चांगदेवने पैसे बेंजोवाल्याला दिले पण."

"माझ्या मसाल्याच्या पैशातून भरू का मग? मीच?" या वेळी ती हळू बोलली.

"नाय. ते बरोबर नाय होणार." त्याने गळ्यातली जाड चेन काढून टेबलावर ठेवली. हळदीत ती शर्टाबाहेर काढून मिरवायची त्याची सवय होती. "उद्या बँकेत गहाण टाकतो. फी भर. हप्ता नि व्याज माझ्या खर्चाच्या पैशातून."

दोघांचा होकार झाला. तरी भावनाचा विश्वास बसला नाही. शनिवारी हा कुणाची तरी चेन मागून घालेल आणि पुन्हा पाकीट काढेल, असं ती मनाशी धरून बसली होती.

शनिवारी मांडवात तोच दर्प होता, तेल, घाम आणि दारूचा. बेंजो कानठळ्या बसवत होता. प्रितम रिकाम्या गळ्याने आला. चांगदेवने त्याला मधोमध ओढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "दादूस, चेन कुठंय? बायकोने काढून घेतली की काय?"

लोक खदाखदा हसले. भावनाला त्या हसणाऱ्या तोंडांची, दातांत अडकलेल्या मटणाची शिसारी आली. आता हा खोटं बोलणार, तिला वाटलं. पॉलिशला टाकली, म्हणेल.

"बँकेत हाय," प्रितम म्हणाला. "पोरीच्या फीचे पैसे मी तुझ्या बेंजोला दिले. म्हणून मीच गहाण टाकली."

हसणं विरलं. चांगदेव काहीतरी पुटपुटत लांब गेला. नंतर कुणी प्रितमला नाचायला ओढलं नाही. तो एकटाच बायकांच्या बाजूला, भावनाच्या खुर्चीजवळ येऊन उभा राहिला. त्याच्या मानेवर चेनीच्या जागी गोरा पट्टा दिसत होता.

मांडवाची शिसारी तिला तेवढीच येत होती. तिने शेजारच्या खुर्चीवरची आपली पर्स उचलून मांडीवर घेतली आणि म्हणाली, "बस."