आईचे दोन वाजले

ऑफिसच्या कामाला सिंगापूरला गेलो होतो. बीपीच्या गोळीचा सकाळी आठचा रिमाइंडर पहिल्याच दिवशी साडेदहाला, भर मीटिंगमध्ये कोकलला. लालबागला बनवलेला, म्हणून मुंबईच्या वेळेला बांधलेला. डोकंच सटकलं. कॅलेंडरमधल्या सगळ्या नोंदींचा टाइम झोन काढून टाकला. मी जिथे असेन तिथल्या घड्याळाने वाजा म्हटलं.

दुसऱ्या दिवशी गोळी बरोबर आठला वाजली. पण ‘दोन वाजता आईला फोन’ हेही सिंगापूरच्याच दोनला वाजलं. लालबागला तेव्हा साडेअकरा. आई बांगडे तळत होती.

“आत्ता कसा रे फोन?”

मी सगळी भानगड समजावली.

“गोळी तुझ्याबरोबर आली, तिची वेळ बदल,” ती म्हणाली. “मी कुठे गेलेय? मी इथेच आहे ना!”