तीनशे शब्दांची गोष्ट

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आमच्या शाळेतल्या मराठीच्या सरांचं नाव घेतो. आणि त्यांच्याइतका लांबण लावणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात झाला नाही, हेही त्याच दमात सांगतो. सरांना थोडक्यात बोलता येत नसे. त्यांनी दोन दिवसांच्या रजेचा अर्ज तीन पानी लिहिला होता. आजोळ, आजोळची माणसं, तिथल्या विहिरीचं पाणी, असं करत अर्ज लग्नघरापर्यंत पोचला, आणि हेडमास्तर शेवटच्या पानावर आले तेव्हा सर लग्न उरकून शाळेत हजर झाले होते. बाजारात कोथिंबीर घ्यायला गेले की ते बागवानीणबाईंना कोथिंबिरीवर असं काही ऐकवत, की बाई शेवटी हात जोडून म्हणायच्या, "मास्तर, ही जुडी फुकट न्या, पर माझं गिऱ्हाईक सोडा!" सर जुडी परत ठेवत, पैसे देत, आणि फुकट का घेऊ नये हे नव्यानं समजावून सांगायला लागत. वर्गात हजेरी घेतानासुद्धा प्रत्येक आडनावापाशी ते थोडं थांबायचे. आम्हाला ते फार आवडायचे, कारण गृहपाठ तपासायला त्यांना कधी वेळच उरत नसे.

बाहत्तरच्या दुष्काळात मी दहावीत होतो. तेव्हा मॅट्रिक अकरावीला असे. विहिरी आटल्या होत्या. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, आणि आई दोघंही सरकारी कामावर खडी फोडायला जात. आबांनी ठरवून टाकलं होतं, "दिवाळी झाली की तूबी चल. तिसरं मानूस लागलं तर घर चालंल." मी नुसताच रडत होतो. त्याच आठवड्यात शाळेत जिल्ह्याच्या कथास्पर्धेचं परिपत्रक आलं. सर संध्याकाळी आमच्या घरी आले, ओट्यावर बसले आणि आबांना साहित्याचं महत्त्व सांगू लागले. चहा झाला, चुलीवरच्या भाकरी झाल्या, तरी ते चालूच. दिवसभर घण मारून आलेले आबा पेंगायला लागले. अखेर ते म्हणाले, "बरं बरं, मास्तर. पोराच्या गोष्टीला बक्षीस मिळालं तर मॅट्रिकपोत शिकंल. न्हाई मिळालं तर खडीवर. आता मला झोपू द्या." अशा रीतीनं सरांनी मला एक संधी मिळवून दिली. समोरच्याला दमवून जिंकायची त्यांची ती जुनीच पद्धत होती.

परिपत्रक मात्र कडक होतं. विषय, श्रमप्रतिष्ठा. शीर्षक धरून तीनशे शब्द. एक जरी जास्त झाला तर गोष्ट वाचलीच जाणार नाही. कागदाच्या एकाच बाजूला, समास सोडून, सुवाच्य अक्षरात. गोष्टीवर नाव नको. नाव वेगळ्या चिठ्ठीवर, आणि त्या चिठ्ठीवर 'लेखन विद्यार्थ्याचे स्वतःचे आहे' अशी हेडमास्तरांची सही व शाळेचा शिक्का. एका शाळेची एकच गोष्ट.

मी गोष्ट लिहिली ती आईची. रोज खडी फोडणाऱ्या एका बाईला पगाराच्या दिवशी अंगठा उठवायचा असतो, आणि घासून घासून बोटावरच्या रेषाच गेल्यामुळे कागदावर नुसता शाईचा डाग पडतो. कारकून म्हणतो, "बाई, हा अंगठा कुणाचा हे कसं ओळखू?" ती म्हणते, "खडीचा ढीग बघा की, सायेब." एवढीच गोष्ट. पण माझे शब्द झाले पाचशेच्या पुढे.

मग त्या लांबण लावणाऱ्या माणसानं मला गोष्ट छाटायला बसवलं. एका ओळीत दहा शब्द, अशा रीतीनं ती पुन्हा उतरवायला लावली, म्हणजे ओळी मोजल्या की शब्द कळतात. माझी सुरुवात होती सूर्योदयाची. "सूर्य रोजच उगवतो," सर म्हणाले, "तो गोष्टीत मजुरीला आहे का? नाही ना? मग जाऊ दे." हे त्यांनी एवढ्यावर सोडलं नाही, सूर्यावर ते मधल्या सुट्टीभर बोलले. पण सूर्य गेला. मुकादम आणि कारकून अशी दोन माणसं होती, त्यांचं एकच झालं. कोण बोलतंय हे बोलण्यावरूनच कळत होतं, तिथले 'ती म्हणाली' गेले. 'बिचारी' हा शब्द चार ठिकाणी होता. सरांनी चारही खोडले आणि म्हणाले, "ती बिचारी आहे की नाही, हे वाचणारा ठरवील. तू फक्त तिचा हात दाखव." खोडलेला प्रत्येक शब्द ते एकदा मोठ्यानं म्हणत, जणू त्याला गावाच्या वेशीपर्यंत पोचवून येत. अखेर गोष्ट तीनशेच्या आत आली, तीही जेमतेम.

हेडमास्तरांनी ती वाचली आणि सही करायला घेतलेलं पेन खाली ठेवलं. "यात श्रमप्रतिष्ठा हा शब्दच नाही! परीक्षकांना विषय कळायचा कसा? शेवटी तात्पर्य हवं." त्यांनी स्वतःच ते लिहून दिलं, श्रम करणाऱ्याला देशात कसा मान असतो वगैरे. चांगले चाळीस शब्द होते. "बसवा हे," ते म्हणाले, "दोन दोन शब्द जोडून लिहा. परीक्षक काय एकेक शब्द मोजत बसणारेत?"

मी सरांकडे पाहिलं. पाकीट त्याच दिवशी टपालात पडायला हवं होतं. आता हे थेट मूळ मुद्द्याच्याही मागे जाऊन सुरुवात करणार, आणि तोवर पोस्ट बंद होणार, अशी माझी खात्री होती. सर उभे राहिले. एकदा खाकरले.

"सर, तात्पर्य घालायचं तर अंगठा कापावा लागेल."

आणि ते गप्प बसले. मी त्यांना गप्प बसलेलं प्रथमच पाहत होतो. हेडमास्तरही बहुधा प्रथमच पाहत असावेत. थोडा वेळ ते पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिले. ते येत नाही म्हटल्यावर त्यांनी गोष्ट पुन्हा हातात घेतली, शेवटपर्यंत वाचली, आणि सही केली. "निकालाला जबाबदार तुम्ही, बरं का," एवढं मात्र म्हणाले.

आमच्या गोष्टीला दुसरं बक्षीस मिळालं. सरांनी घरी येऊन आबांना गोष्ट वाचून दाखवली. आबा म्हणाले, "आयचं लिवलंस. बापाचं काय लिवलंच न्हाई व्हय?" आई पदराआड हसली. दिवाळी झाली आणि मी शाळेत गेलो.

पुढे सर निवृत्त होऊन राहात्याला राहायला गेले. आता ते नाहीत. माझा बी.ए.चा निकाल लागला त्या दिवशी मी त्यांना पाठवलेलं पत्र असं होतं:

"ती. सरांना शि. सा. न.

मी बी.ए. पास झालो. आमच्या घरात पहिलाच. निकाल ऐकल्यावर आबांनी पहिलं विचारलं, 'सरांना कळवलंस का?' म्हणून लगेच लिहायला बसलो आहे. त्या दिवशी तुम्ही आमच्या ओट्यावरून लवकर उठला असतात, तर हे पत्र लिहायला मी नसतो.

येत्या रविवारी आबा आणि मी तुम्हाला भेटायला येत आहोत. आई भाकरी बांधून देणार आहे, म्हणजे काकूंना त्रास नको. आबांनी निरोप दिला आहे की, तुम्ही हवं तेवढं बोला, या खेपेला ते झोपणार नाहीत. आम्हाला कसलीही घाई नाही. शेवटची एस.टी. चुकली तर मुक्काम करू.

आपला विद्यार्थी."