पूर्वेस रस्ता नाही

आमच्या घरी पाळण्याच्या दोरीपेक्षा पत्रकांच्या गठ्ठ्याची सुतळी मी आधी ओळखायला लागले. बाबा छोटा छापखाना चालवायचे. मोर्चा कुणाचाही असो, पत्रक आमच्या पुढच्या खोलीत छापलं जायचं. पत्रकात खोटं लिहिलं की माणसं एकदाच येतात, असं ते म्हणायचे. त्यामुळे आईचं रान विकायची जाहिरात लिहायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मला ते सोपंच वाटलं.

हे शेतीचं रान हातकणंगले तालुक्यात, आईच्या माहेरच्या गावात. भावाबहिणींच्या वाटपात तिच्या नावावर आलेलं. ते विकायचं कारण एकच. कोल्हापुरात आम्ही भाड्यानं राहतो ते घर मालकानं विकायला काढलं होतं. पहिला हक्क तुमचा, पण दिवाळीपर्यंत, असं त्यानं सांगितलं. त्यानंतर छापखान्यासकट आम्ही रस्त्यावर. आई रात्रंदिवस एकच हिशेब घोळवत असायची आणि चहात साखर दोनदा टाकायची.

गावातला एजंट आपला मजकूर घेऊनच आला. ‘हायवेजवळ, बारा फुटी रस्ता, एनए होण्यास योग्य, टायटल क्लिअर.’

“हे कुठल्या कागदावर आहे?” मी विचारलं.

“ताई, जाहिरात हाय ही. कोर्टातलं ॲफिडेव्हिट न्हवं.”

मी सगळे कागद जमिनीवर पसरले. सातबारा, आठ अ, वाटपाचा फेरफार, मोजणीची क प्रत, गट नकाशा. सातबाऱ्यावर कुणाचा बोजा नव्हता, वर्ग एकची, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता येणारी जमीन होती, ते सगळं ठीक. पण झोन दाखल्यावर स्पष्ट लिहिलं होतं, शेती विभाग; म्हणजे एनए, बिगरशेती वापर, नाही. आणि गट नकाशावर गावाकडून येणारी पाणंद, म्हणजे शेतांमधली सार्वजनिक गाडीवाट, शेजाऱ्याच्या रानाच्या पलीकडच्या कडेलाच संपत होती. तिथून पुढं आमच्यापर्यंत यायचं ते त्याच्या बांधावरून. आजोबांच्या काळापासून बैलगाडी तिथूनच जायची. कागदावर मात्र त्या वाटेची एक रेघही नव्हती.

मी लिहिलं: ‘पूर्वेस शेजाऱ्याचे रान, दक्षिणेस ओढा, पश्चिमेस व उत्तरेस इतर खातेदारांची शेती. पाणंदीपासून रानापर्यंत शेजाऱ्याच्या बांधावरून वहिवाटीची वाट, नोंद नाही. वापर फक्त शेतीसाठी. खरेदीदार शेतकरी असावा. सातबारा, फेरफार, मोजणी नकाशा, झोन दाखला पाहायला मिळेल.’

आईनं वाचलं आणि कागद उलटा ठेवला.

“नोंद न्हाय, हे ठळक लिवलंस ते बरं केलंस,” ती म्हणाली. “आता गिऱ्हाईक आलं तर नवलच.”

“खोटं लिहू?”

“खोटं लिव म्हणत न्हाय. दिवाळी किती लांब हाय ते बघ, एवढंच म्हणते.”

मला राग आला, पण तो तिच्यावर काढण्यासारखा नव्हता. एजंटानं माझा कागद घडी करून खिशात घातला आणि मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये स्वतःचाच मजकूर टाकला. एवढंच नाही, तर पाणंद संपते तिथं, शेजाऱ्याच्या बांधावर त्यानं फ्लेक्स ठोकला. मोठा बाण, खाली अक्षरं: ‘प्लॉटकडे जाणारा रस्ता’. आम्हाला हे कळलं ते कागलकडचा एक दूधवाला शेतकरी रान बघायला यायचा होता त्या सकाळी. त्याला गोठा घालायचा होता. तोपर्यंत चौकशी केलेल्यांपैकी पुन्हा फोन आला तो त्याच्या एकट्याचाच.

आम्ही एसटीनं गेलो. पाणंद संपली तिथं फ्लेक्स उपडा पडला होता आणि बांधाच्या तोंडाशी बाभळीच्या काट्या रचल्या होत्या. आमच्याकडं वाटेवर काट्या पडल्या म्हणजे भांडण सुरू झालं, हे सांगायला कुणी लागत नाही. मागोमाग दूधवाल्याची मोटरसायकल येऊन थांबली. एजंट आधीच येऊन घाम पुसत उभा होता.

शेजारी बांधावर बसून तंबाखू मळत होता. आईच्या माहेरचा म्हणून मी त्याला मामा म्हणायची.

“या पावणं,” तो दूधवाल्याला म्हणाला. “रस्ता शोधताय व्हय? घावला की सांगा. मीबी माझ्या रानात त्योच शोधतोय.”

“दादा, हे आमी लिवलेलं न्हाय,” आई म्हणाली.

“रान कुणाचं हाय, अक्का? तुजंच न्हवं? मग जाहिरात कुणाची?”

मी माझा मजकूर लिहून मोकळी झाले होते, तो बाहेर गेला का हे पाहिलं नव्हतं.

“तुजा बा दर सुगीला गाडी न्यायच्या आदी दारात येऊन इचारायचा,” मामा म्हणाला. “कदी न्हाई म्हटलं का मी? एकदाबी न्हाई. आता बोर्ड लावून रस्ता करतासा. उद्या प्लॉट पाडतील, बंगलं हुतील, आन् माझ्या उसातनं चारचाकी फिरतील.”

एजंट मध्ये पडला. “मामा, तहसीलदाराकडं अर्ज टाकला तर रस्ता मिळतोच.”

“टाक की. तवर काट्या हायतच.”

दूधवाला किल्ली बोटाभोवती फिरवत होता. तो आता निघणार, असं मला दिसत होतं, आणि त्याच्या मागोमाग आमचं घरही. मी पिशवीतून माझ्या मजकुराची प्रत काढली आणि दोघांना ऐकू जाईल असं मोठ्यानं वाचायला लागले. ‘पूर्वेस शेजाऱ्याचे रान’ इथंच मामानं तंबाखू मळणं थांबवलं. ‘नोंद नाही’ आलं, तेव्हा एजंटानं दुसरीकडे तोंड केलं.

“वापर फकस्त शेतीसाठी,” मामानं तेवढंच परत म्हटलं. “हे खरं?”

“झोन दाखला दाखवते.”

“दाखला ऱ्हाऊ दे. पावणं, तुमाला काय करायचंय?”

“गोठा. वैरण, आन् दुधाचा छोटा टेम्पो. बंगला बांधायला पैसं कुटनं आणू?”

मामा हसला नाही. तंबाखू तोंडात टाकून आमच्याकडं न बघता बोलला. पोरांना विचारून सांगतो. रस्ता दिला तर कागद करून देईन, पण गाडी, ट्रॅक्टर, टेम्पो एवढ्यापुरताच, प्लॉटला नाही.

“आदी त्यांचा कागद नोंदवायचा, मग आमचा,” दूधवाला आईला म्हणाला. “आन् भाव शेतीचा. एनएचा मागू नका.”

परतीच्या एसटीत आईनं पहिल्यांदा हिशेब मोठ्यानं केला. शेतीच्या भावात सगळं घर येत नव्हतं. मालक खोल्या सुट्याही द्यायला तयार होता, त्यातल्या मागच्या दोन येत होत्या. पुढची, छापखान्याची, येत नव्हती.

“आपण एजंटाचंच चालू दिलं असतं तर?” मी विचारलं. खरं तर हे मला स्वतःलाच विचारायचं होतं.

“तर काट्याबी गेल्या नसत्या आन् खोलीबी आली नसती,” ती म्हणाली.

मामाच्या पोरांनी होकार कळवायला दसरा ओलांडला. तोवर घरात कुणी धड जेवलं नाही. एजंटानं ग्रुपमधला मजकूर काढला, तोही आईनं त्याच्या दारात जाऊन बसल्यावर. वाटेचा कागद नोंदवला, पाठोपाठ खरेदीखत झालं. दिवाळीच्या आत दोन खोल्या आमच्या झाल्या.

बाबांनी मशीन भंगारात घातलं नाही. छपाईच्या खिळ्यांचे, म्हणजे शिशाच्या अक्षरांचे खण दिवाणाखाली ढकलले. पुढच्या खोलीत आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे आणि बाबांना त्यातून घरात यायला वाट नाही. ते मागच्या बोळातून येतात. बोळ शेजारणीचा आहे. आई तिला विचारून आली होती, आणि यंदाही पाडव्याला पुन्हा विचारून आली.