टेस्टरबाईंच्या शंका

टेस्टरबाईंना सरळ गोष्ट सरळ दिसतच नसे. त्यात त्यांचा तरी काय दोष? दुसऱ्यांनी केलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या, हेच त्यांचं पोटापाण्याचं काम. नवरा म्हणाला, ‘आज भाजी छान झालीय’, तर बाई विचारणार, ‘म्हणजे काल नव्हती?’ आणि उत्तराची खरोखर वाट बघणार.

आधीची कंपनी बंद पडल्यावर बाई बरेच महिने घरी होत्या. शेवटी नोकऱ्या जुळवून देणाऱ्या एजन्सीच्या एका रिक्रूटरने त्यांना आरोग्याची अ‍ॅप्स बनवणारी एक कंपनी गाठून दिली. मुलाखत झाली, ऑफर लेटर आलं, घरात पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले. बाईंनी मात्र ते पत्र वाचायला घेतलं आणि तिथेच माशी शिंकली.

एक कलम म्हणत होतं, नोकरीत असताना कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय दुसरं कुठलंही काम करायचं नाही, पैसे मिळोत वा न मिळोत. दुसरं म्हणत होतं, नोकरी सोडल्यावर वर्षभर अशाच प्रकारच्या उत्पादनावर काम करायचं नाही. तिसरं सगळ्यांत अवघड. नोकरीच्या काळात कंपनीच्या क्षेत्रातलं जे काही बनवाल ते कंपनीचं, मग ते सुट्टीत बनवा की स्वतःच्या कॉम्प्युटरवर.

बाई त्या कलमापाशीच अडल्या, कारण घरात अप्पा होते. पक्षाघाताचा झटका आल्यापासून बाईंच्या वडिलांची वाचा गेली होती. समज सगळी शाबूत, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता. बाईंनी त्यांच्यासाठी टॅबलेटवर एक अ‍ॅप बनवलं होतं. चित्रावर बोट ठेवलं की यंत्र बोलायचं. ‘पाणी.’ ‘खिडकी.’ ‘दुखतंय.’ अप्पांना नवं काही हवंय असं दिसलं की बाई नवा शब्द घालायच्या. आता हे आरोग्याचंच अ‍ॅप की नाही? नोकरी लागल्यावर घातलेला शब्द कोणाचा? अप्पांचा, बाईंचा की कंपनीचा?

साधा माणूस फोन करून हेच विचारतो. बाईंनी टेस्टरसारखं विचारलं. प्रत्येक कलमाखाली कल्पनेतली प्रकरणं लिहिली. समजा मी रविवारी केक विकते. समजा मी एका स्पर्धक कंपनीच्या लोकांना टेस्टिंग शिकवते. समजा मी मेव्हण्याच्या दवाखान्याची वेबसाइट सांभाळते. समजा मी घरातल्या आजारी माणसासाठी अ‍ॅप बनवलंय. प्रत्येकापुढे ‘अपेक्षित निकाल काय?’ असं लिहून रिक्रूटरला मेल पाठवला. अप्पांचं प्रकरण त्यांनी मुद्दाम या गर्दीत घुसवलं होतं. उघड सांगायची भीती वाटत होती, दुसरं काय.

रिक्रूटरने फोन केला. “मॅडम, हे नेहमीचंच असतं हो. सगळे सही करतात. कोणी बघत नाही.”

“मग लिहिलंय कशाला?”

“अहो, मी पडलो एजन्सीचा माणूस. मी तोंडी काही सांगितलं तरी ते कंपनीला बांधील नाही. कायदा विभागाकडून लेखी मागवतो.”

लेखी आलं ते भलतंच. ‘उमेदवाराचे केकविक्री, प्रशिक्षण आणि वेबसाइट असे तीन जोडव्यवसाय असल्याचे दिसते. खुलासा होईपर्यंत ऑफर स्थगित.’ बाईंनी ते वाचलं आणि लगेच रिक्रूटरला फोन लावला. त्यांना धड केक भाजता येत नव्हता. मेव्हणा तर नव्हताच.

“समजा म्हणजे समजा असतं,” त्या फोनवर रिक्रूटरला सांगत राहिल्या. “आमच्याकडे अशीच पद्धत असते. काय काय घडू शकतं ते आधी लिहून काढायचं.”

“वकिलांकडे जे लिहिलंय ते घडलेलं असतं, मॅडम.” रिक्रूटरचा आवाज पहिल्यांदाच थकलेला वाटला. “यातलं खरं कोणतं, तेवढं सांगा.”

बाई एका दमात सगळं सांगून मोकळ्या झाल्या. अप्पा, झटका, टॅबलेट, शब्द. रिक्रूटर भला माणूस होता. त्याने मध्ये तोंड घातलं नाही, आणि त्याच आठवड्यात कायदा विभागाच्या वकीलबाईंशी तिघांचा कॉल जुळवून दिला.

वकीलबाई नीट बोलल्या. नोकरी सोडल्यानंतरच्या वर्षभराच्या अटीतून त्या हे अ‍ॅप वगळायला तयार होत्या. घरी अ‍ॅप वापरायलाही हरकत नव्हती. “रुजू होण्याच्या दिवशी ते जसं असेल तसं तुमचं. परिशिष्टात तसं नमूद करू. त्यानंतर त्यात केलेली भर मात्र कंपनीची. आमचं क्षेत्रच ते आहे.”

“वडिलांसाठी एक शब्द वाढवला तर?”

“भरच ती. आधी लेखी परवानगी घ्यावी लागेल.”

“एका शब्दाला?”

वकीलबाईंनी कलम पुन्हा वाचून बघितलं. “मलाही थोडं विचित्र वाटतंय,” वकीलबाई म्हणाल्या, “पण कलम तसंच आहे.”

“‘नंतरचे बदलसुद्धा माझेच’ एवढं लिहून देता येईल?”

“विचारते. वरून होकार येईल असं वाटत नाही.”

आला नाहीच. बाईंचं डोकं भणभणायला लागलं. नोकरी धरावी तर अप्पांचे शब्द अडतात, सोडावी तर घर अडतं. शेवटी त्यांना एक तोडगा सुचला. रुजू होण्याआधी केलेलं सगळं आपलं ना? मग अप्पांना लागतील ते सगळे शब्द आत्ताच घालून टाकू. त्या टॅबलेट घेऊन अप्पांपुढे बसल्या. आधी त्यांना ऑफरचं सगळं समजावून सांगितलं.

“अप्पा, अजून कुठले शब्द हवेत? आठवतील तेवढे सांगा.”

अप्पांनी त्यांच्याकडे बघितलं. जो शब्द टॅबलेटमध्ये नाही, तो ते कसा सांगणार? हे बाईंच्या लक्षात यायला जरा वेळच लागला. मग त्या अंदाज बांधू लागल्या. चष्मा? पंखा? डॉक्टर? अप्पा मान हलवत राहिले, चिडत गेले, टॅबलेटवर ‘तू’ दाबत राहिले. ‘तू. तू. तू.’

“मी काय? मी जाऊ? मी थांबू?”

अप्पांनी बऱ्या हाताची मूठ टेबलावर आपटली. बाई त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. तो चेहरा त्यांच्या ओळखीचा होता. लहानपणी बाईंची गणितात चूक झाली की तो असाच व्हायचा.

“गाढव?” त्यांनी हळूच विचारलं.

अप्पांनी जोरात मान डोलावली. बाईंना हसू आलं आणि रडूही. झटका आल्यापासून हा माणूस पाणी मागत होता, दुखतंय सांगत होता, पण पोटच्या पोरीला रागवायची सोय तिने ठेवलीच नव्हती. असे आणखी किती शब्द अडले असतील कोण जाणे. आणि पुढे कुठले अडतील, ते आज कसं कळावं?

त्यांनी तिथेच बसून तो शब्द घातला, गाढवाच्या चित्रासकट. मग रिक्रूटरला फोन लावला.

“नंतरचे बदलही माझेच, असं ते लिहून देणार असतील तर सही करते. नाहीतर नको.”

“मॅडम, जागा दुसऱ्याला जाईल. नीट विचार केलात ना?”

“केला. बरोबर केला की नाही, ते माहीत नाही.”

तेवढ्यात मागून यंत्राचा सपाट आवाज आला. ‘गाढव.’ थोडं थांबून पुन्हा, ‘तू. जा. काम.’ आणि मग न थांबता, ‘गाढव. गाढव. गाढव.’

“तुमच्याकडे कोण बोलतंय?” रिक्रूटरने विचारलं.

“माझे वडील,” बाई म्हणाल्या.