बालवाडीची बेरीज

विरारच्या मनवेलपाड्यात दादा-वहिनीने तळमजल्याच्या दोन खोल्या घेतल्या, तेव्हापासून वहिनी सकाळी बालवाडी घ्यायची आणि संध्याकाळी त्याच खोल्यांत दहावीचे क्लास. दोन्ही तिच्याच नावावर. हिशेब दादाकडे. बालवाडीला जीएसटी नाही, हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तो नोंदणीचा विचार करताना फक्त क्लासची फी धरायचा. ती वर्षाला वीस लाखांच्या, म्हणजे नोंदणीच्या मर्यादेच्या, आत असायची. दोन वर्षांपूर्वी दादा गेला आणि वहिनीने त्याचीच पद्धत पुढे चालवली.

मग जीएसटी खात्याची नोटीस आली. प्राप्तिकराच्या विवरणपत्रात दोन्हींचं उत्पन्न एकत्र दाखवलेलं होतं, तिथून त्यांना कळलं. मी वहिनीला घेऊन विरार स्टेशनजवळच्या कर सल्लागाराकडे गेले.

"बालवाडीवर कर नाहीच," तो म्हणाला. "पण नोंदणी लागते का हे बघताना तिची फीसुद्धा मोजतात. नुसती बालवाडी असती तर नोंदणीच लागली नसती. क्लास करपात्र आहेत आणि दोन्ही मिळून वीस लाखांच्या वर जातंय. म्हणजे क्लासच्या फीवर अठरा टक्के."

"ज्याच्यावर कर नाही, ते मोजायचं कशाला?" मी चिडून विचारलं.

"कायदा तसाच आहे, मॅडम."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मागच्या वर्षांचा कर, व्याज, दंड, सगळं दादाच्या विम्याच्या पैशांतून गेलं. पास होऊन गेलेल्या मुलांच्या आईबापांकडे ती कुठल्या तोंडाने मागणार होती?

पुढचा प्रश्न त्याहून वाईट होता. फी वाढवली तर मुलं पलीकडच्या गल्लीतल्या क्लासला जाणार. तो छोटा, त्याला नोंदणीच नाही. खिशातून भरायचं तर घर कशावर चालवायचं? एकच वाट उरली. दोन्हींपैकी एक बंद करायचं, म्हणजे बेरीज वीस लाखांच्या आत येईल आणि नोंदणी रद्द करून घेता येईल. घर क्लासवर चालत होतं. जीव मात्र बालवाडीत होता, दोघांचाही. भिंतीवरचं मोठं झाड दादाने स्वतः रंगवलेलं होतं.

एप्रिलअखेर वहिनीने बालवाडी बंद केली. कर नसलेलीच बंद करावी लागली, याचा मला अजून संताप येतो.

दसऱ्याला दरवर्षी तिच्याकडे नव्या मुलांचं पाटीपूजन असायचं. यंदा तिने कुणालाच बोलावलं नव्हतं. तरी शेजारच्या चाळीतली एक बाई लेकीला नवा फ्रॉक घालून, पाटी घेऊन दारात उभी राहिली. तिला बंद झाल्याचं माहीतच नव्हतं. वहिनीने पाट मांडला, मुलीचा हात धरून पाटीवर सरस्वती काढून घेतली आणि हळदकुंकू वाहिलं.

"टीचर, उद्या डबा आणू?" मुलीने विचारलं.

वहिनीने तिच्या हातावर खोबरं-साखर ठेवली आणि तिच्या आईला दुसऱ्या बालवाडीचा पत्ता सांगितला.